पाटी लावायची तर कामाची लावा

सोलापूरकरांनो, मंडईच्या तोंडाशी 'प्लॅस्टिक हटवा, पर्यावरण वाचवा' असा बोर्ड लावून काय होतं? काही नाही. वर तो बोर्ड फ्लेक्सचा, म्हणजे तोही प्लॅस्टिकच!

राज्यात 23 जून 2018 पासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळचा दंड 5000 रुपये. तरी पातळ कॅरीबॅग हातगाडीखालून निघतेच. कारण सोपं आहे. बोर्ड वाचेपर्यंत माणूस रिकाम्या हातानं मंडईत पोचलेला असतो. आता त्याला रागावून मेथी कशात न्यायची?

रागावण्यात आणखी एक धोका आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेत. 'आजवर अनेकांनी तुकडे नेले, त्यानं उद्यानाची हानी झाली' अशी पाटी लावून बघितली, तर 'कृपया नेऊ नका' एवढंच सांगणाऱ्या पाटीपेक्षा जास्त तुकडे गेले. 'सगळेच करतात' हेच डोक्यात बसतं. आपल्याकडं 'सोलापूरकर सुधारणार कधी?' म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

म्हणून ओळ जिथं निर्णय होतो तिथं पाहिजे. पिशवीचा निर्णय घरात होतो. तिथं बोर्ड जात नाही, पण घंटागाडीचा भोंगा रोज सकाळी जातो. त्यावर वाजवा: 'आज मंडईला जाणार? दोन पिशव्या अन् एक डबा गाडीला अडकवा.' दोन कशाला? कांदा-बटाट्याखाली कोथिंबीर चेंगरते म्हणून लोक वेगळी कॅरीबॅग मागतात, त्यासाठी.

खरी अडचण ओल्या मालाची. मटणाला डबा न्यायला गिऱ्हाईक का कचरतं? डब्याचं वजन मटणात धरलं जाईल ही भीती. ती 'निसर्ग वाचवा' म्हणून जात नाही. काट्यावर रिकामा डबा ठेवायचा, आकडा शून्य करायचा, मग मटण टाकायचं. दुकानदारानं हे गिऱ्हाइकासमोर करावं आणि काट्याच्या वर ऑइलपेंटनं लिहावं: 'आधी डबा शून्य, मग मटण पूर्ण.' हीच ओळ दह्याला, भिजवलेल्या मटकीला चालते. मात्र काटा शून्य न करता नुसती ओळ रंगवली, तर आठवड्यात लोक हसतील.

आणि 'कापडी पिशवी वापरा' असं मोघम नको, 'सुती' म्हणा. लग्नात, दुकानात मिळणारी ती रंगीत, कापडासारखी पिशवी बहुतेकदा पॉलिप्रोपिलीनची असते. तिचा एक धागा काडीजवळ धरा: आक्रसून त्याची गोळी होते. सुताची राख होते. चादरी-टॉवेल विणणाऱ्या गावाला सूत कुठून आणायचं हे कुणी शिकवायला नको.

एक शेवटचं: पूर्व भागात हीच ओळ तेलुगूत वाजू दे, आणि कन्नडमध्येही. मराठीचं भाषांतर नको. तिथल्या बायका भाजीवालीशी जशा बोलतात, तशी.