विश्लेषण : सॅलड, कोंडा, कडधान्ये एकदम वाढवली की पोट का फुगते? फायबर किती वेगाने वाढवावे?

दुपारी दीड वाजता ऑफिसात सॅलडचा मोठा डबा संपवायचा आणि संध्याकाळी साडेसहाला अंधेरीच्या गर्दीत उभे असताना पोट ढोलासारखे व्हायचे, हा अनुभव नव्याने ‘हेल्दी’ खाऊ लागलेल्या अनेकांना येतो. बहुतेक जण दोष सॅलडला देतात आणि चार दिवसांत पुन्हा वडापावकडे वळतात. खरे तर बहुतेक वेळा चूक पदार्थात नसते. एका आठवड्यात फायबर दुपटीहून अधिक होते, पाणी मात्र होते तितकेच राहते आणि पोट तक्रार करते.

एका दिवसात नेमके किती वाढते?

समजा, मुलुंडला राहणारी एक नोकरदार स्त्री आहे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला असा तिचा रोजचा प्रवास. सकाळी पांढऱ्या ब्रेडचे टोस्ट, दुपारी कँटीनचा भात आणि पातळ डाळ, संध्याकाळी सँडविच किंवा वडापाव, रात्री दोन पोळ्या आणि भाजी. या खाण्यातून दिवसाला जेमतेम १५-१६ ग्रॅम फायबर मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २,००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम फायबर हवे. म्हणजे तिला फायबर वाढवण्याची गरज आहे, यात वाद नाही.

सोमवारपासून ती ठरवते. दुपारी भाताऐवजी काकडी, गाजर, कोबीचे पाव किलो कच्चे सॅलड आणि त्यावर वाटीभर कच्ची मोड आलेली मटकी, सकाळी दह्यात दोन मोठे चमचे गव्हाचा कोंडा, रात्री राजमा. सॅलडमधून साधारण ७ ग्रॅम, मटकीतून ६, कोंड्यातून ३ आणि राजम्यातून ८ ग्रॅम फायबर येते. भात आणि डाळीचे वजा केले तरी दिवसाचा आकडा ३५च्या वर जातो. जे अंतर महिनाभरात कापायचे, ते तिने एका दिवसात कापले.

इथे मराठी ताट आठवावे. कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला असते आणि दोन-तीन चमचेच वाढली जाते. पाव किलो कच्ची भाजी एका बैठकीत, तीही कॉम्प्युटरसमोर घाईत चावून, ही आपल्या पोटाला तशी नवीच गोष्ट आहे.

गॅस येतो कुठून?

फायबर म्हणजे धान्य, डाळी, भाज्या आणि फळांतला असा भाग जो आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही. जुन्या भाषेत चोथा. तो लहान आतड्यातून जवळपास जसाच्या तसा पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे राहणारे अब्जावधी जिवाणू त्यातला बराच भाग आंबवतात. या आंबवण्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी अशी आम्ले तयार होतात आणि सोबत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायूही तयार होतात.

खाल्लेले मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. म्हणूनच दीडच्या सॅलडचा त्रास जेवल्या जेवल्या होत नाही, तो घरी निघायच्या वेळी होतो. संध्याकाळी खाल्लेल्या भेळेवर किंवा चहावर खापर फुटते, पण कारण दुपारच्या डब्यात असते.

कडधान्यांचा मुद्दा थोडा वेगळा. राजमा, चणे, वाटाणे यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. जिवाणूंकडे मात्र ते असते, त्यामुळे या शर्करांवर ते तुटून पडतात आणि गॅस वेगाने होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवलेले पाणी ओतून टाकून नव्या पाण्यात शिजवले तर त्यांचा काही भाग निघून जातो. मोड येताना अंकुर स्वतःच्या वाढीसाठी त्या वापरतो. भिजवणे, मोड आणणे, मग शिजवून उसळ करणे हा घरोघरचा क्रम म्हणूनच पोटाला सोपा जातो. सॅलडमधली कच्ची मटकी यातली शेवटची पायरी गाळते. शिवाय उबदार, दमट हवेत मोडांबरोबर रोगजंतूही वाढतात, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात तरी मोड वाफवूनच खावेत.

पोटाला सवय होते का?

होते, आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेत रोज अर्धा कप कडधान्य खायला देऊन केलेल्या तीन चाचण्यांचा एकत्रित अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यातही निम्म्याहून कमी लोकांनीच गॅस वाढल्याचे सांगितले. चवळी खाणाऱ्यांत हे प्रमाण केवळ १९ टक्के होते. ज्यांना त्रास झाला, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के लोकांना तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरल्याचे जाणवले. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सुरुवात राजम्याने करण्यापेक्षा चवळी किंवा मुगाने करावी. आणि तीन आठवडे थांबण्याआधी ‘मला कडधान्ये सोसत नाहीत’ असा निकाल देऊ नये.

कोंड्याबाबत मात्र इतके निश्चिंत राहता येत नाही. इंग्लंडमधील फ्रान्सिस आणि व्होरवेल या डॉक्टरांनी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे आयबीएस असलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी ५५ टक्के लोकांचा त्रास कोंड्याने वाढला होता आणि फायदा फक्त १० टक्क्यांना झाला होता. ज्यांना पोटात कळ, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असा जुना त्रास आहे, त्यांनी पाकिटातला कोंडा दह्यात घालून खाणे टाळलेलेच बरे. इतरांनाही वेगळा कोंडा विकत घेण्याची गरज सहसा नसते. चक्कीवरून आणलेले पीठ न चाळता वापरले तर कोंडा पोळीतच राहतो आणि एका पोळीतून सुमारे ३ ग्रॅम फायबर मिळते.

मग वाढवायचे कसे?

ढोबळ मापाने आठवड्याला ५ ग्रॅमहून अधिक वाढ नको आणि एका वेळी एकच बदल हवा. दोन बदल एकत्र केले की त्रास कशाने झाला हेच कळत नाही.

मुलुंडच्या त्या उदाहरणात पहिल्या आठवड्यात फक्त दुपारचे जेवण बदलावे. कँटीनच्या भाताऐवजी घरच्या, न चाळलेल्या पिठाच्या दोन पोळ्या आणि शिजवलेली भाजी. दुसऱ्या आठवड्यात त्यात छोटी वाटी कोशिंबीर घालावी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी मुगाची उसळ, चौथ्यात ती रोज किंवा तिच्याऐवजी चवळी. सकाळचा पांढरा ब्रेड बदलून भाज्या घातलेले पोहे किंवा एखादे फळ हा पाचव्या आठवड्याचा बदल. राजमा आणि छोले त्यानंतर, तेही वाटीभरच. असे करत ती महिना-सव्वा महिन्यात २८-३० ग्रॅमपर्यंत पोहोचते. पोट फुगले तर सगळे सोडून न देता एक पायरी मागे यावे, चार-पाच दिवस तिथेच थांबावे आणि मग पुन्हा पुढे जावे.

पाणी नेमके काय करते?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याने गॅस कमी होत नाही. फायबर पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे मल मऊ, भरीव होऊन पुढे सरकतो. पाणी कमी पडले तर तोच चोथा कोरडा होऊन अडतो आणि त्याच्या मागे वायूही अडकतो. इटलीत बद्धकोष्ठाच्या ११७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना रोज सुमारे २५ ग्रॅम फायबर दिले गेले. त्यातले जे रोज दोन लिटर पाणी पीत होते, त्यांना सुमारे एक लिटर पिणाऱ्यांपेक्षा शौचाला अधिक वेळा होऊ लागली. इसबगोलच्या बाबतीत तर पाणी ही अटच आहे. भुसा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा. कोरडा गिळला तर तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो.

पण ‘दोन लिटर प्या’ हे सांगणे सोपे आहे. उपनगरांतल्या अनेक स्त्रिया घरून निघाल्यापासून ऑफिसला पोहोचेपर्यंत पाणी मुद्दाम टाळतात, कारण वाटेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे असेल याची खात्री नसते. मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम २०११ मध्ये याच प्रश्नावर उभी राहिली. आहाराचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही, तर सल्ला कागदावरच राहतो. त्यावर व्यवहारी तोड अशी, की उठल्यावर आणि नाश्त्याला मिळून दोन-तीन पेले, ऑफिसला पोहोचल्यापासून दुपारी चारपर्यंत तीन-चार, निघण्याआधीच्या तासात जवळपास काही नाही आणि घरी आल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत दोन पेले. ताक, पातळ वरणही मोजदादीत धरावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी पाणी किंवा फायबर आपल्या मनाने वाढवू नये.

साधा गॅस की आणखी काही?

फायबरमुळे फुगलेले पोट दिवसभरात वाढत जाते, वायू सरल्यावर किंवा शौचानंतर हलके वाटते आणि सकाळी बहुतेक सपाट असते. आहार एक पायरी मागे नेला की काही दिवसांत फरक दिसतो. तसे झाले नाही, पोट सकाळीही गच्चच राहिले, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा शौच आणि वायू दोन्ही पूर्ण बंद होणे यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जावे. शेवटचे लक्षण तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीला हा त्रास नव्याने सुरू झाला आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा पोट फुगू लागले, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी करायला सांगतात. तिथे हिंग-ओव्यावर महिनोन्महिने काढणे धोक्याचे ठरू शकते.