कबुलीचा करार : हाती काय येते, काय सुटते



खामगावच्या खाद्यतेल व्यापाऱ्यांचा भेसळीचा खटला 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कबुली दिल्यावर खालच्या न्यायालयात किरकोळ दंडावर सुटका झाली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली आणि ती कायम राहिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या सौद्यावर कठोर टीका केली. त्या काळी या तडजोडीला कायद्याचा आधारच नव्हता. तो 5 जुलै 2006 पासून मिळाला. ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 289 ते 300 मध्ये आहे.

समजा, थळच्या एका पेढीतील मुनिमाने दोन लाखांचा अपहार केला. नोकराने केलेल्या विश्वासघातास सात वर्षांपर्यंत कैद आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे वर्ज्य असल्याने हा गुन्हा जेमतेम मर्यादेत बसतो. दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत मुनिमाने शपथपत्रासह अर्ज करावयाचा. न्यायाधीश त्यास एकट्यास बंद दालनात विचारतात, की ही कबुली स्वखुशीची आहे ना. त्यानंतर सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पेढीचे मालक यांना साठ दिवसांच्या आत तोडगा काढावयाचा असतो. त्यात मालकाची भरपाईही ठरते.

मुनीम पूर्वी कधीच दोषी ठरलेला नसेल, तर न्यायालय सात वर्षांचा सहावा हिस्सा, म्हणजे चौदा महिने, शिक्षा देऊ शकते. अन्य आरोपीस चौथा हिस्सा, म्हणजे एकवीस महिने. परिवीक्षेवर सोडण्याचा विचारही होतो. आधी भोगलेली कोठडी वजा होते.

मोबदल्यात तो साक्षीदारांच्या उलटतपासणीचा आणि निर्दोष सुटण्याचा मार्ग सोडतो. दोषसिद्धीची नोंद राहते. नेहमीचे अपीलही उरत नाही. केवळ सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी आणि उच्च न्यायालयातील रिट शिल्लक राहते. तोडगा न निघाल्यास मात्र खटला जेथे थांबला तेथूनच पुढे चालतो आणि या अर्जातील विधाने आरोपीविरुद्ध अन्य कारणासाठी वापरता येत नाहीत.

आता तोच अपहार व्यापाऱ्याने केला असे धरू. ग्राहकाने सोपवलेला माल त्याने व्यवसायाच्या ओघात गिळंकृत केला, तर कलम 316(5) लागते. तेथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. म्हणून हे दार बंद. रक्कम तीच, फरक केवळ विश्वास कोणत्या नात्याने ठेवला गेला याचा. स्त्री वा बालकाविरुद्धचे गुन्हे, तसेच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीस बाधक म्हणून सरकारने अधिसूचित केलेले गुन्हेही शिक्षा कितीही लहान असली तरी बाहेरच राहतात. हुंडाबंदी कायद्याचा भंग त्यांतच मोडतो.

म्हणून अर्जापूर्वी दोषारोपपत्रातील कलम व उपकलम नीट वाचावे.