वीस रुपयांचा दंड आणि चौथा चुकलेला हप्ता

पोस्टाच्या आरडीचे म्हणजेच आवर्ती ठेवीचे पासबुक हाती आले की बहुतेक जण शेवटची शिल्लक पाहतात आणि ते कपाटात ठेवून देतात. पण या पासबुकात शिल्लकीपेक्षा महत्त्वाचा रकाना तारखेचा आहे.

एक उदाहरण घेऊ. ५ जानेवारी २०२४ रोजी दरमहा २,००० रुपयांचे पाच वर्षांचे खाते उघडले. तेव्हाचा व्याजदर ६.७ टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ. खाते उघडतानाचा दर पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो, नंतर सरकारने दर बदलले तरी फरक पडत नाही. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. १६ तारखेनंतर उघडलेल्या खात्याला महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा असते.

समजा, ऑगस्ट २०२५चा हप्ता राहिला. सप्टेंबरमध्ये खिडकीवर गेल्यावर आधी ऑगस्टचा हप्ता दंडासह भरावा लागतो, मगच सप्टेंबरचा. दंड शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया, म्हणजे आपल्या खात्याला २० रुपये. खिशातून गेले ४,०२० रुपये, शिल्लक मात्र ४,००० रुपयांनीच वाढेल. दंड ठेवीत धरला जात नाही आणि त्यावर व्याजही मिळत नाही. इथे अनेकांना हिशेब चुकल्यासारखा वाटतो, पण तो बरोबर असतो.

हा दंड किरकोळ दिसतो. तरी २,००० रुपयांवर महिन्याला २० रुपये म्हणजे वर्षाला १२ टक्के. त्याच रकमेवर एका महिन्याचे व्याज मिळते जेमतेम ११ रुपये. हप्ता आणि दंड भरला की खाते पुन्हा नियमित होते आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम कमी होत नाही.

खरा धोका पुढे आहे. चार हप्ते थकले की खाते खंडित होते. चौथ्या चुकलेल्या हप्त्यापासून दोन महिन्यांच्या आत ते सुरू करून घेता येते, तेही थकबाकी भरून. ती वेळ टळली की त्या खात्यात पुढे एकही हप्ता भरता येत नाही. थकलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील तर आणखी एक वाट आहे. जितके हप्ते चुकले तितके महिने मुदत वाढवून घ्यायची आणि त्या वाढीव काळात ते भरायचे. ही सोय खिडकीवर क्वचितच कुणी आपणहून सांगते, म्हणून ठेवीदारानेच विचारावे.

आपल्याकडे घरोघरी हप्ता गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधींमार्फत ही खाती मोठ्या प्रमाणावर चालतात. प्रतिनिधीच्या कार्डावर १० तारखेची सही असली आणि पैसे पोस्टात २० तारखेला पोहोचले, तर पोस्टाच्या लेखी हप्ता चुकलेलाच. कार्ड ही पैसे दिल्याची खूण झाली, पोस्टात जमा झाल्याचा पुरावा पासबुकातली नोंद. निदान दर तीन महिन्यांनी पासबुक भरून आणून दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. आमच्या मते कार्डावर पोस्टात भरणा झाल्याची तारीख लिहिणे सक्तीचे करायला हवे. दंड कुणी सोसायचा, हा वाद त्याने निम्मा मिटेल.

आता शेवटचा आकडा. साठ हप्त्यांचे भरले १,२०,००० रुपये आणि ५ जानेवारी २०२९ रोजी हाती येतील सुमारे १,४२,७३२ रुपये, म्हणजे व्याज २२,७३२. अनेकांचा अंदाज याहून बराच मोठा असतो. सव्वा लाखाच्या आसपासच्या रकमेवर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांचे चाळीस हजार व्हायला हवेत, असे ते म्हणतात. पण पूर्ण साठ महिने राहतो तो फक्त पहिला हप्ता, शेवटचा राहतो एकच महिना. सरासरीने प्रत्येक हप्ता साडेतीस महिने खात्यात असतो. त्यावर सरळ व्याज होते सुमारे २०,४३५ रुपये, उरलेले तेवीसशेच्या आसपास चक्रवाढीचे.

हा आकडा मुदत पूर्ण केली तरच मिळतो. तीन वर्षांनंतर खाते आधी बंद करता येते, पण तेव्हा व्याज लागते पोस्टाच्या बचत खात्याचे, सध्या ४ टक्के. मुदतीला एक दिवस उरला असतानाही नियम हाच. आपल्या उदाहरणात त्या एका दिवसाची किंमत सुमारे दहा हजार रुपये होते. त्यामुळे डिसेंबर २०२८मध्ये साठावा हप्ता भरला म्हणून खाते पूर्ण झाले असे समजू नये. पैसे काढण्याचा अर्ज देण्याआधी पासबुकावर छापलेली मुदतपूर्तीची तारीख वाचावी.