गायक गायब, कोरस हजर!

मंडळी, हा लोच्या तुमच्याही बाबतीत कधी ना कधी झालेला असणार. गाणं चालू आहे, ढोलक वाजतोय, व्हायोलिन्स छान पसरलीयेत, मागचा कोरससुद्धा ऐकू येतोय. पण मुख्य गायक? तो कुठल्यातरी विहिरीच्या तळाशी बसून गातोय. किंवा सिनेमात पाऊस पडतोय, गाड्या धावतायत, हीरोचे ओठ हलतायत, पण डायलॉगचा पत्ता नाही. आपण काय करतो? आवाज वाढवतो. मग पाऊस वाढतो, गाड्या वाढतात, हीरो तिथेच. पुढची पायरी म्हणजे हेडफोनला शिव्या आणि नव्या हेडफोनची ऑर्डर.

माझ्या एका मित्राकडे तर प्रकरण त्याच्याही पुढे गेलं होतं. त्याची आई साताऱ्याहून पुण्याला आली होती, महिनाभर राहायला. मित्राचा फ्लॅटमेट नाइट शिफ्टवाला, दिवसा झोपणारा. म्हणून काकूंसाठी टीव्हीला हेडफोन लावून दिला. टीव्हीपासून सोफ्यापर्यंत वायर पुरेना, म्हणून मधे एक एक्स्टेन्शन केबल. दोन-तीन दिवसांनी काकू म्हणाल्या, ‘अरे, मला हल्ली नीट ऐकूच येत नाही. नव्या गाण्यात नुसतं म्युझिक येतं, शब्द नाहीत. आणि जुनी ब्लॅक अँड व्हाइट गाणी तर जवळजवळ बंदच!’ आता वय बासष्ट. मित्राने काय अर्थ काढायचा तो काढला. कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, हिअरिंग एडच्या किमती बघून त्याचा चेहरा उतरला आणि काकूंचा त्याहून जास्त. ‘आता हेही सुरू झालं का,’ असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी मात्र ‘जुनी गाणी बंद’ या वाक्याला अडकले. कान म्हातारे होतात तेव्हा बारीक, टोकदार आवाज आधी जातात, शब्द अस्पष्ट होतात. पण कान काही गाण्याचं साल विचारत नाही. सालाचा हिशोब ठेवते ती वायर.

याचा फंडा सोपा आहे. स्टिरिओ गाण्यात दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज असतात, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. गायकाचा आवाज समोर मध्यभागी वाटावा म्हणून तो दोन्हीकडे अगदी सारखा ठेवलेला असतो. वाद्यं मात्र विभागलेली. समजा डावीकडे गायक 10 आणि सतार 4, उजवीकडे गायक 10 आणि व्हायोलिन 3. आता हेडफोनच्या पिनवर डाव्या आवाजाचा एक भाग असतो, उजव्याचा एक आणि तिसरा भाग दोघांचा कॉमन, ज्याला ग्राउंड किंवा अर्थ म्हणतात. दोन्ही कानांतला करंट याच कॉमन वाटेने परत जातो. ती वाट तुटली, की करंट बिचारा एका कानातून निघून दुसऱ्या कानातून परत जातो. म्हणजे तुम्हाला ऐकू येते ती दोन बाजूंची वजाबाकी. 10 वजा 10, गायक शून्य. सतार आणि व्हायोलिन उरतात. गायकाच्या आवाजाला दिलेला एको दोन्हीकडे थोडा वेगळा असतो, म्हणून तो उरतो, आणि विहिरीचा इफेक्ट येतो तो त्याच्यामुळे.

आणि ब्लॅक अँड व्हाइट काळातली गाणी? ती मोनो रेकॉर्ड झालेली. डावीकडे जे, तेच उजवीकडे. वजाबाकी केली तर गायक जातो, तबला जातो, सगळंच जातं. काकूंची तक्रार शंभर टक्के अचूक होती.

तरी खात्री करायची म्हणून आम्ही चार गोष्टी केल्या. आधी एक्स्टेन्शन काढून हेडफोन थेट काकूंच्या फोनला लावला. गायक हजर! काकू एकदम सरळ बसल्या. मग एक्स्टेन्शनमधून त्याच फोनला लावला, गायक पुन्हा गायब. म्हणजे टीव्ही निर्दोष, हेडफोन निर्दोष आणि मुख्य म्हणजे काकूही निर्दोष. तिसरी टेस्ट मला सगळ्यात आवडते. फोनच्या सेटिंगमध्ये Accessibility या भागात Mono audio नावाचं बटण असतं. ते ऑन केलं, की फोन दोन्ही बाजूंना एकच मिसळलेला आवाज पाठवतो. चांगल्या वायरवर यामुळे काही बिघडत नाही, फक्त गाणं थोडं सपाट वाटतं. पण ग्राउंड तुटलेलं असेल तर दोन्ही बाजू सारख्या झाल्यामुळे वजाबाकीत काहीच उरत नाही. आमच्याकडे तेच झालं, नवं गाणंही जवळजवळ चिडीचूप. चौथी गंमत, हेडफोनच्या वायरवरचं माइकचं बटण दाबून धरलं आणि गायक परत आला!

या बटणातच उत्तर होतं. हेडफोनची पिन नीट बघा. माइकवाल्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे चार भाग. टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड आणि शेवटी माइक. (काही जुन्या फोनच्या हेडफोनमध्ये शेवटचे दोन उलटे असत. त्यांनीही हाच घोळ व्हायचा.) साध्या हेडफोनवर दोनच रेघा, तीनच भाग. मित्राने आणलेली एक्स्टेन्शन केबल या साध्या जातीची होती. तिच्या सॉकेटमध्ये ग्राउंडचा पत्रा जिथे टेकायला हवा, तिथे काकूंच्या हेडफोनचा माइकचा भाग येत होता. म्हणजे ग्राउंड अधांतरी. माइकचं बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आत जोडले जातात, त्यामुळे वाट तात्पुरती पूर्ण होते. सगळ्याच सॉकेटमध्ये असं होत नाही, काहींचे पत्रे योग्य जागी पडतात आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच ‘माझ्याकडे तर चालते ही केबल’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. पिन एखादा मिलिमीटर बाहेर ओढल्यावर आवाज सुधारला तरी हेच निदान समजा. मित्राने तीन रेघांची, चार भागांची केबल आणली, काही शे रुपयांत. अपॉइंटमेंट कॅन्सल झाली.

पण थांबा, ती तशीच कॅन्सल नाही केली. आधी काकूंना हेडफोन उलटा घालायला लावला, डावा उजवीकडे. एखादी बाजू कमी ऐकू येत असेल आणि ती हेडफोनबरोबर बाजू बदलत असेल, तर दोष वस्तूत. हेडफोन उलटा करूनही तोच कान कमी ऐकत असेल, तर केबल बदलू नका, डॉक्टर गाठा. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल तर त्याच दिवशी. तिथे उशीर केला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

आता दुसरा प्रकार. गाणी एकदम मस्त ऐकू येतात, पण सिनेमाचे डायलॉग गायब. इथे वायरला दोष देऊ नका, कारण वायर गाणं आणि सिनेमा यात भेदभाव करत नाही. हा सेटिंगचा मामला. सिनेमाचा साउंड बऱ्याचदा 5.1 असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. डायलॉग जवळजवळ सगळे सेंटर या मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर सेंटरचा आवाज थोडा कमी करून डावी-उजवीकडे मिसळावा लागतो. याला डाउनमिक्स म्हणतात. पण हे कधी होणार? कॉम्प्युटरला ठाऊक असेल की स्पीकर दोनच आहेत, तेव्हा. त्याला कुणी ‘सहा स्पीकर आहेत’ असं सांगून ठेवलं असेल, तर तो इमानदारीत डायलॉग सेंटरला पाठवत राहतो. जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉपच्या मागे हिरवं, नारिंगी, काळं अशी भोकं असतात ना? तुमचे स्पीकर हिरव्यात, आणि हीरोईन नारिंगीत एकटीच बोलतेय!

विंडोजवर Windows आणि R ही बटणं एकत्र दाबा, mmsys.cpl टाइप करा आणि एंटर मारा. जी खिडकी उघडेल तिच्यात आपला स्पीकर निवडून Configure दाबा. 5.1 दिसलं तर तिथे Stereo करा. बदलण्याआधी तिथलं Test बटण दाबून बघा. एकेका स्पीकरच्या चित्रातून टिंग असा आवाज येतो. Center च्या वेळी शांतता असेल, तर चोर सापडला. टीव्हीला साउंडबार किंवा जुना होम थिएटर जोडलेला असेल तर टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये PCM निवडून पाहा. मग बहुतेक टीव्ही डाउनमिक्स स्वतःच करून दोन चॅनल बाहेर पाठवतात. एक मात्र आहे, डाउनमिक्स झाल्यावरही धमाकेदार सीननंतरची कुजबुज थोडी दबलेलीच राहते. तो बिघाड नव्हे. मिसळताना सेंटर थोडा खाली आणतात आणि बाकीचा गोंगाट त्याच दोन स्पीकर्समध्ये येऊन बसतो.

राहिला तिसरा, सगळ्यात कॉमन प्रकार. आवाज फक्त डावीकडून. आधी पिन पूर्ण आत गेलीय का बघा. फोनच्या जाड कव्हरमुळे ती अर्धवट राहते. मग पिनवर एकच रेघ आहे का? तर ती मोनो पिन, आणि तिचा लांब भाग सॉकेटमधल्या उजव्या चॅनलला थेट ग्राउंडला टेकवून गप्प करतो. फोनच्या त्याच Accessibility मध्ये बॅलन्सची पट्टी एका बाजूला सरकलेली नाही ना, तेही बघा. पिनजवळची वायर हलक्या हाताने वाकवल्यावर उजवी बाजू खर्रकन येऊन जात असेल तर आतली तार तुटलीय. बॅगेत पिन वाकडी करून कोंबण्याचा प्रसाद.

एकाच व्हिडिओत असं होत असेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. ऑफिसच्या फेअरवेलचं शूटिंग कॉलर माइकने केलं आणि माइकने फक्त डावा चॅनल भरला, असं सर्रास होतं. व्हीएलसीमध्ये Audio मेनूत Stereo Mode आहे, तिथे Left निवडलं की डावा आवाज दोन्ही कानांत येतो.

आणि उजवी तार तुटलेल्या हेडफोनवर पगार होईपर्यंत दिवस काढायचे असतील, तर Mono audio ऑन करा. उजवीकडचं सगळं डाव्या कानात येतं, काही हुकत नाही. फक्त नवा हेडफोन आला की आठवणीने ऑफ करा, नाहीतर त्याचा स्टिरिओ तुम्हाला कधी ऐकूच येणार नाही.