घरातील वीज : फाटकावरचा स्वयंचलित दिवा

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे मुक्कामास आलेले काका एका संध्याकाळी फाटकाच्या पायरीवर घसरले. फाटकाच्या खांबावर दिवा होता. तो लावावयाचे मात्र घरात कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते. पाय मुरगळण्यावर निभावले. त्याच आठवड्यात आम्ही बाजारातून ‘डे-नाइट सेन्सर’ आणविला. अंधार पडताच दिवा लावणारे आणि उजाडताच मालविणारे हे लहानसे उपकरण असते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आमच्यासारखीच रचना असेल. बटण व्हरांड्यात, आणि तेथून दोन तारा फाटकापर्यंत गेलेल्या: बटणातून येणारी फेजची आणि न्यूट्रलची. सेन्सरला या दोहोंचीही गरज असते. व्हरांड्यातील बटणाच्या पेटीत न्यूट्रल बहुधा नसतो. म्हणून सेन्सर दिव्यापाशीच बसविणे सोयीचे, तेथे नवी तार ओढावी लागत नाही. लोखंडी खांब किंवा धातूचा दिवा असेल तर हिरवी अर्थिंगची तार तेथवर पोहोचलेली असलीच पाहिजे.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे; परंतु तो काय करतो हे घरच्यांस कळावयास हवे. आधी त्या भागाचा एमसीबी बंद करावयाचा, टेस्टर एखाद्या चालू जागी लावून तो ठीक असल्याची खात्री करावयाची आणि मगच फाटकाच्या तारा तपासावयाच्या. जुन्या घरांत कधी कधी बटण चुकीने न्यूट्रलवर बसविलेले आढळते. अशा ठिकाणी बटण बंद करून दिवा विझला तरी तारेत फेज शिल्लक राहतो. हा दोष आधी दुरुस्त करून घ्यावा.

सेन्सरला बहुधा तीन तारा असतात: काळी, पांढरी व लाल. येथेच खरी फसगत होते. आपल्या घरांतील वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची. सेन्सरची काळी तार मात्र बहुधा फेज आत घेण्यासाठी असते. पांढरी न्यूट्रलला जोडावयाची, आणि लाल तारेतून फेज बाहेर पडून दिव्यास मिळतो. दिव्याचा न्यूट्रल पूर्वीप्रमाणेच थेट राहतो. ‘लालला लाल, काळ्याला काळी’ अशी रंग पाहून जोडणी केली, तर आतील संपर्क मिटलेला असताना फेज व न्यूट्रल सरळ एकमेकांस भिडतात व एमसीबी तात्काळ पडतो. संपर्क उघडा असेल तर दिवा कधी लागतच नाही. रंगांची रीत कारखान्यागणिक बदलते, यास्तव उपकरणावरील आकृतीच प्रमाण मानावी. सांधे झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत असावेत आणि तारा पेटीच्या खालच्या बाजूने आत जाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून आत शिरत नाही.

आमच्याकडे जोडणी बिनचूक झाली होती. तरीही पहिल्याच रात्री दिवा लागे, थोड्या वेळाने विझे, पुन्हा लागे. वायरमन घरी गेलेला. शेजाऱ्यांनी सेन्सरच सदोष ठरविला. मी शिडीवर चढून सेन्सरवर काळ्या कापडाची जाड घडी धरली, तशी ती उघडझाप थांबली आणि दिवा स्थिर तेवू लागला. दोष जागेचा होता. सेन्सर दिव्याच्या अगदी खाली बसविला होता; त्याच दिव्याचा उजेड पडताच तो दिवस उगवला असे समजून दिवा मालवी, आणि अंधार होताच पुन्हा लावी. कापड धरूनही उघडझाप चालू राहिली असती, तर मात्र सैल सांधा किंवा बिघडलेला दिवा शोधावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी वीज बंद करून वायरमनने सेन्सर खांबाच्या मागल्या बाजूस, उत्तरेकडे तोंड करून नेला. तेथे दिव्याचा उजेड पोहोचत नाही आणि भर उन्हाचा मारही कमी बसतो. रस्त्यावरील दिव्याचा झोत सेन्सरवर पडत असेल तर घरचा दिवा रात्रभर लागणारच नाही, हेही जागा निवडताना पाहावे. वीज चालू करताच भर दिवसा दिवा क्षणभर लागला, तर घाबरू नये; पुष्कळ सेन्सर आरंभी असे करतात. कापड झाकून काही सेकंद, वेळप्रसंगी मिनिटभर, वाट पाहावी. कारण वीज चमकली किंवा मोटारीचा झोत आला म्हणून दिवा विझू नये यासाठी पुष्कळ सेन्सरांत मुद्दामच विलंब ठेवलेला असतो.

आता व्हरांड्यातील बटण कायम चालू ठेवावे लागते. ते बंद केले की सेन्सरही निजतो. काकांनी सवयीने दोनदा ते बंद केले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्यावर कागदाची पट्टी चिकटविली.