पैसे आले, की नुसता मेसेज आला?

समजा, तुम्ही बोईसरमधून इन्स्टाग्रामवर घोलवडच्या चिकूचे चिप्स विकता. ६०० रुपयांची ऑर्डर येते आणि लगेच ६,००० जमा झाल्याचा एसएमएस. पाठोपाठ फोन : "ताई, चुकून एक शून्य जास्त पडलं. ५,४०० परत करा ना."

तो एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलाय का? मग तो बँकेचा नाही. पण खरा पुरावा एकच, बँकेच्या अ‍ॅपमधलं स्टेटमेंट. ग्राहकाचा स्क्रीनशॉटही धरू नका, तो बनवता येतो. स्टेटमेंटमध्ये ६,००० नसतील, तर तुम्ही 'परत' करताय ते तुमचेच पैसे.

पाठवून बसलात? यूटीआर नंबर काढून लगेच १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवले, तरच हाती लागण्याची आशा असते.