पावती पुस्तकाआधी टेप काढा!

आषाढ लागला की कल्याण-डोंबिवलीच्या गल्ल्यांत वर्गणीची पावती पुस्तकं निघतात. कार्यकर्त्यांनो, यंदा ती दोन दिवस कपाटातच राहू द्या. आधी टेप घ्या आणि रस्त्यावर उतरा!

समजा, तुमची गल्ली २० फुटांची आहे आणि मंडप दरवर्षी १० फुटी पडतो. उरलेल्या १० फुटांतले अडीच फूट समोरच्या स्कूटरची रांग खाते. राहिले साडेसात. अग्निशमन दलाचा बंब साधारण आठ फूट रुंद असतो. मग रात्री दोन वाजता आतल्या इमारतीत आग लागली, तर तो कुठून जाणार? मंडप सात फुटी करा, स्कूटर उत्सवापुरत्या हलवा. १३ फूट मोकळे मिळतात. बाप्पाची शोभा त्यानं तसूभर कमी होत नाही.

ही मापं आपण घेतली नाहीत, म्हणून प्रश्न कोर्टात गेला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी रस्त्यांतले मंडप आणि ध्वनिप्रदूषण यांवर जनहित याचिका केली. भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शेजारच्या आजारी आजोबांकडे बघून जे आपल्याला कळायला हवं होतं, ते न्यायाधीशांनी सांगितलं!

घेतलेली मापं कागदावर उतरवा: मंडप, मोकळी वाट, विजेचं मीटर, अग्निशामक नळकांडी. महापालिका, स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांच्यासमोर हाच नकाशा ठेवा. मंडळाची नोंदणी नसेल, तर वर्गणीला हात घालण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क खालची परवानगी काढा. पावत्यांना क्रमांक द्या आणि विसर्जनानंतर जमाखर्च मंडपाच्या जागीच फलकावर लावा. मागच्या वर्षीचा हिशेब दिसला, की यंदा दार उघडायला कुणी कुरकुरत नाही.

वीज आकडा टाकून घेऊ नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. वायरच्या जोडांवर पावसाचं पाणी ठिबकू देऊ नका, दिवे पडद्यांपासून दूर ठेवा. संध्याकाळी तासभर रोषणाई चालू ठेवून प्लगला हात लावून बघा. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर भार जास्त झालाय. दिवे बंद करून वायरमनला बोलवा. रात्रीच्या पाळीला दोघं जागे हवेत. नळकांडीची पिन कशी ओढायची आणि मेन स्विच कुठे आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक हवं. पत्त्यांच्या डावात रंगलेले दहा जण म्हणजे पहारा नव्हे.

तेव्हा उठा! येत्या रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जमा. एकानं टेपचं टोक धरा, दुसऱ्यानं आकडा वाचा आणि बंबाची वाट खडूनं आखा. त्या रेषेच्या अलीकडे जेवढी जागा उरेल, तेवढाच आपला मंडप!